आधी चाळीस टक्के

फोनवर सगळं ठरलेलं असतं. वेबसाइट किती पानांची, किती आठवड्यांत, किती रुपयांत, सगळं. मग पलीकडून वाक्य येतं, "तुम्ही कामाला लागा हो, पैशांचं आपण बघून घेऊ." बोलणारा बहुतेक वेळा लबाड नसतो. त्याच्या कारखान्यात, दुकानात, ऑफिसात असंच चालत आलेलं असतं. पण ऐकणारी डिझायनर, अनुवादक किंवा व्हिडिओ एडिटर एकटी काम करते, तिला महिन्याचा पगार नाही आणि या माणसाला ती आठवडाभरापूर्वी ओळखतही नव्हती. 'बघून घेऊ' या शब्दांत ना रक्कम आहे ना तारीख, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टींवर तिचे पुढचे दोन महिने अवलंबून असतात.

लग्नाचा मंडपवाला अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय तारीख धरत नाही आणि त्यात कोणाला वावगंही वाटत नाही. कॉम्प्युटरवर होणाऱ्या कामाबाबत मात्र हीच मागणी करताना माणसं अवघडतात. तोंडी विषय काढला की आवाज खाली जातो, "थोडे आधी मिळाले असते तर बरं झालं असतं" असं काहीतरी बोललं जातं आणि समोरचा "हो हो, करू" म्हणतो. म्हणून ही गोष्ट पत्रातच मागायला हवी. त्याची वेळही ठरलेली आहे: क्लायंटने कोटेशनला होकार दिल्यानंतर आणि कामाची पहिली फाइल उघडण्याआधी. होकाराच्या आधी पाठवलं तर ते घाईचं वाटतं. काम सुरू झाल्यावर पाठवलं तर अट नंतर घातल्यासारखी वाटते आणि तोवर हातातलं बळही गेलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका डिझायनरला कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीची वेबसाइट करायची आहे. बारा पानं, मराठी आणि इंग्रजी, सहा आठवडे, एकूण १,२०,००० रुपये. क्लायंट नवा, कोणाच्या तरी ओळखीतून आलेला. तिने पाठवायचं पत्र साधारण असं असेल:

"स. न. वि. वि.

आपल्या कंपनीच्या वेबसाइटचं काम मला दिल्याबद्दल आभार. मंगळवारी ठरल्याप्रमाणे बारा पानांची वेबसाइट सहा आठवड्यांत, एकूण रु. १,२०,००० मध्ये करून द्यायची आहे. कामाचा तपशील सोबतच्या कोटेशनमध्ये आहे.

ही रक्कम चार हप्त्यांत द्यावी, ही विनंती. काम सुरू करण्यापूर्वी रु. ४८,०००. मुख्य पान आणि आतली दोन पानं यांचं डिझाइन मी आपल्याला पाठवल्यावर रु. ३६,०००. पूर्ण वेबसाइट चाचणीच्या लिंकवर पाहायला दिल्यावर रु. २४,०००. उरलेले रु. १२,००० वेबसाइट आपल्या डोमेनवर चढवण्यापूर्वी. बिल मिळाल्यापासून सात दिवसांत रक्कम जमा करावी. एक हप्ता जमा झाल्यावर पुढच्या टप्प्याचं काम सुरू होईल आणि त्यात गेलेले दिवस सहा आठवड्यांत धरले जाणार नाहीत. रकमा टीडीएस कापण्यापूर्वीच्या आहेत. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे जीएसटी लागणार नाही.

अ‍ॅडव्हान्स १० तारखेपर्यंत जमा झाल्यास १२ तारखेपासूनचे सहा आठवडे मी आपल्या कामासाठी राखून ठेवते आहे.

प्रत्येक टप्प्यावर दोनदा बदल सुचवता येतील. काम पाठवल्यापासून कामाच्या सात दिवसांत लेखी सूचना न आल्यास तो टप्पा मान्य झाला असं धरेन. मजकूर किंवा फोटो येण्यास पंधरा दिवसांहून अधिक उशीर झाल्यास तोवर झालेल्या कामाचं बिल पाठवेन.

काम मध्येच थांबवावं लागलं, तर झालेल्या कामाचे पैसे कोटेशनमधल्या दराने वळते करून उरलेली रक्कम दहा दिवसांत परत करेन. मी काम सोडलं, तर न मिळालेल्या कामाचे सगळे पैसे परत देईन. शेवटचा हप्ता जमा झाल्यावर डिझाइनचे हक्क आपल्या कंपनीच्या नावे लिहून देईन.

अटी मान्य असल्यास याच मेलला 'मान्य आहे' असं उत्तर पाठवावं. अ‍ॅडव्हान्सचं बिल आणि बँकेचा तपशील सोबत आहे.

कळावे,
आपली विश्वासू"

पत्रात माफी नाही, धमकी नाही आणि 'पूर्वी फसवणूक झाली म्हणून' असं कारणही नाही. ते कारण लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. पण नव्या क्लायंटला जुन्या क्लायंटचं पाप सांगितलं, की त्याला आपल्यावरच संशय घेतला जातोय असं वाटतं. पैसे कधी, किती आणि कशाच्या बदल्यात, एवढंच पुरतं.

आता आकड्यांकडे. ४८,००० हा आकडा 'सगळे चाळीस टक्के घेतात' म्हणून आलेला नाही. सहा आठवड्यांचे १,२०,००० म्हणजे आठवड्याला २०,००० रुपयांचं काम. पहिला टप्पा दोन आठवड्यांचा आहे, म्हणजे ४०,००० रुपयांचा. अ‍ॅडव्हान्सने तो टप्पा भागायला हवा आणि थोडं वर उरायला हवं. पुढचा हिशेबही असाच चालतो. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी काम झालं ४०,००० चं, हातात आले ४८,०००. दुसरा हप्ता मिळाला की ८४,०००. पाचव्या आठवड्याच्या शेवटी वेबसाइट चाचणीच्या लिंकवर उभी आहे, काम झालंय एक लाखाचं. क्लायंट त्या दिवशी गायब झाला, तर बुडतील १६,०००. शेवटच्या टप्प्यावर गायब झाला, तर १२,०००. हप्ता जमा झाल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करायचा नाही, हे तिने पाळलं, तर यापेक्षा मोठा फटका बसत नाही.

अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर, ही पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे. ऐकायला ती चाळीस टक्क्यांपेक्षा चांगली वाटते. पण तिच्यात सहाव्या आठवड्याच्या शेवटी साठ हजार रुपये क्लायंटच्या मर्जीवर असतात. पहिला हप्ता दहा टक्क्यांनी मोठा घेऊन शेवटच्या टप्प्यावरचा धोका पाचपट होतो. हप्ते ठरवताना टक्केवारीऐवजी हा आकडा आधी मांडावा: कुठल्याही दिवशी काम थांबलं, तर किती रुपयांचं काम बिनपैशाचं झालेलं असेल? जेवढं नुकसान सोसता येईल त्याच्या आत तो आकडा बसला पाहिजे. क्लायंटच्या बाजूनेही तेवढ्याच प्रामाणिकपणे पाहायला हवं. पहिल्या दिवशी त्याचे ४८,००० एका अनोळखी माणसाच्या खात्यात गेलेले असतात. त्याचा हा धोका खरा आहे आणि पैसे परत करण्याचं कलम पत्रात आहे ते त्यासाठीच.

सगळ्यात जास्त पैसे अडकतात ते मात्र रकमेमुळे नाही, टप्प्याच्या शब्दांमुळे. 'डिझाइन मंजूर झाल्यावर ३६,०००' आणि 'डिझाइन पाठवल्यावर ३६,०००' ही दोन वाक्यं दिसायला सारखीच आहेत. पहिल्यात हप्ता क्लायंटच्या हातात आहे. तो परदेशी प्रदर्शनाला गेला, भावाशी चर्चा करायची राहिली, दिवाळी आली, की मंजुरी लांबते आणि तिच्याबरोबर पैसेही. दुसऱ्यात हप्ता डिझायनरच्या स्वतःच्या कृतीला बांधलेला आहे. तिने मेल पाठवला, त्यावर तारीख पडली, बिल गेलं. 'वेबसाइट लाइव्ह झाल्यावर शेवटचा हप्ता' हे तर सर्वांत वाईट कलम. फाउंड्रीला मशीनचे फोटो काढायचे आहेत, फोटोग्राफर मिळत नाही, शेडला रंग द्यायचाय. साइट तयार असूनही सहा महिने लाइव्ह होत नाही आणि यात डिझायनरची काहीच चूक नसते. मजकूर उशिरा आल्यास झालेल्या कामाचं बिल पाठवण्याचं वाक्य या एका परिस्थितीसाठी आहे. वेबसाइटच्या कामात उशिराचं सर्वांत नेहमीचं कारण क्लायंटकडून न आलेला मजकूर हेच असतं.

सात दिवसांत उत्तर नाही तर मान्य, हे कलम उद्धट वाटेल अशी भीती असते. पण कायद्यालाही हीच कल्पना मान्य आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार, माल किंवा सेवा मिळाल्यापासून पंधरा दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली नाही, तर ती मिळाल्याच्या दिवशीच स्वीकारली असं धरलं जातं. अपवर्कसारख्या साइटवर ठरावीक रकमेच्या कामात क्लायंट टप्प्याचे पैसे आधीच साइटकडे जमा करतो. काम सादर झाल्यावर चौदा दिवस तो गप्प राहिला, तर पैसे आपोआप सुटतात. शिरोलीतल्या उद्योजकाशी थेट व्यवहार करताना मध्ये अशी कोणी साइट नसते, म्हणून तेच काम पत्रातल्या एका वाक्याला करावं लागतं.

हा २००६ चा कायदा फ्रीलान्सरांना फारसा माहीत नाही, याची हळहळ वाटते. एकटा माणूसही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून 'उद्यम' पोर्टलवर आधार आणि पॅनच्या आधारे नोंदणी करू शकतो. ती मोफत आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, आणि करारात काहीही लिहिलं तरी ती मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. काही ठरलेलं नसेल, तर मुदत पंधरा दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं आणि दाद राज्याच्या सुविधा परिषदेकडे मागता येते. २०२३ च्या वित्त कायद्याने यात आणखी एक भर घातली: अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत घेणाऱ्याला तो खर्च प्राप्तिकरात वजा करता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की क्लायंटचा सीए स्वतःच थकलेली बिलं विचारू लागतो. पत्राच्या खाली उद्यम क्रमांक लिहिला, तर त्याच्या नजरेतून तो सुटत नाही. नोंदणी मात्र काम ठरण्याआधी झालेली हवी. नंतर केलेल्या नोंदणीचा फायदा आधीच्या व्यवहारासाठी मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं आहे.

अ‍ॅडव्हान्सबद्दल एक चूक सर्रास दिसते. 'अ‍ॅडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही' असं ठळक अक्षरांत छापलं, की आपण सुरक्षित झालो असं अनेकांना वाटतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७४ करार मोडल्यावर वाजवी भरपाईच देतं. काहीच काम झालेलं नसताना पूर्ण रक्कम ठेवून घेण्याचा दावा वादात टिकणं अवघड आहे. शिवाय नवा क्लायंट ते वाक्य वाचूनच मागे सरतो. झालेल्या कामाचे पैसे वळते करून उरलेले परत, हे कायद्याच्या दृष्टीने जास्त भक्कम आणि माणसाला पटणारंही आहे. आपल्या उदाहरणात आठवड्याभराने काम रद्द झालं, तर २०,००० ठेवून २८,००० परत जातील. त्यासाठी कोटेशनमध्ये कामाचा दर स्पष्ट लिहिलेला लागतो, नाहीतर 'झालेलं काम' किती यावरच भांडण होतं.

हक्कांच्या वाक्याचं वजन पुष्कळांच्या लक्षात येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या माणसाने केलेल्या कामाचा पहिला मालक साधारणपणे तोच असतो आणि हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे, तर ते लेखी व सहीनिशी करावे लागतात. म्हणून डिझायनर किंवा अनुवादक 'शेवटच्या हप्त्यानंतर हक्क देईन' असं म्हणू शकते आणि तोवर क्लायंटला काम वापरण्याचा पूर्ण अधिकार मिळत नाही. फोटोग्राफर आणि चित्रकारांनी मात्र सावध राहावं. मोबदला देऊन काढून घेतलेला फोटो, रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा चित्रपट यांचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. त्यांना हक्क आपल्याकडे राहतील असं आधीच स्पष्ट लिहून घ्यावं लागतं. आणि कोणीही असो, क्लायंटचं डोमेन स्वतःच्या नावावर घेऊन ते अडवून धरू नये. त्याची वेबसाइट शेवटच्या हप्त्यापर्यंत आपल्या चाचणीच्या सर्व्हरवर ठेवणं पुरेसं आहे.

कराच्या दोन ओळी पत्रात का आहेत, ते अ‍ॅडव्हान्स जमा झाला की कळतं. क्लायंट कंपनी असेल, तर ती टीडीएस कापणार, आणि तो अ‍ॅडव्हान्सवरही कापला जातो. व्यावसायिक सेवेसाठी दर १० टक्के आहे, तांत्रिक सेवेसाठी २. वेबसाइट कशात बसते यावर क्लायंटच्या अकाउंट्स विभागाचं मत वेगळं असू शकतं, म्हणून ते आधीच विचारून घ्यावं. १० टक्के कापले, तर ४८,००० ऐवजी खात्यात ४३,२०० दिसतील. पैसे कमी आले म्हणून रागाचा मेल पाठवण्याआधी ही वजाबाकी करून पाहावी. कापलेली रक्कम तिच्या पॅनवर जमा होते आणि विवरणपत्रात वळती होते.

जीएसटी नोंदणी असलेल्यांसाठी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सेवांमध्ये अ‍ॅडव्हान्स मिळाला की त्यावरचा कर त्याच महिन्यात देय होतो, अंतिम बिलाची वाट पाहता येत नाही. अशा डिझायनरने ४८,००० वर १८ टक्के, म्हणजे ८,६४०, धरून ५६,६४० मागायचे आणि पैसे आल्यावर रिसीट व्हाउचर द्यायचं. 'अधिक जीएसटी' हे दोन शब्द राहिले, तर सात हजारांहून जास्त रुपये स्वतःच्या खिशातून जातात.

पत्र गेलं, 'मान्य आहे' असं उत्तर आलं. मेलवरचं हे उत्तरही करार म्हणून चालतं, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ ने ते स्पष्ट केलं आहे. तरीही काम सुरू करायचं ते पैसे खात्यात दिसल्यावर. 'एनईएफटी केलंय, स्क्रीनशॉट पाठवतो' यावर नाही. स्क्रीनशॉट बनावट असू शकतो आणि खरा असला तरी चुकीच्या खात्यावरचा असू शकतो. यूटीआर क्रमांक मागावा आणि स्वतःच्या बँकेत पाहावं. ठरल्यापेक्षा जास्त रक्कम जमा झाल्याचं सांगून फरक तातडीने परत पाठवायला सांगणारा क्लायंट मात्र टाळावा. आधी आलेला चेक न वटता परत जातो आणि पाठवलेला फरक कायमचा जातो, ही फसवणुकीची जुनी पद्धत आहे.

बहुतेक चांगले क्लायंट पत्राला थेट नकार देत नाहीत, घासाघीस करतात. "आमच्याकडे अ‍ॅडव्हान्सची पॉलिसीच नाही" हे उत्तर मोठ्या कंपनीकडून आलं, तर ते खरंही असतं. तिथे पर्चेस ऑर्डर मागावी आणि टप्पे लहान करावेत, म्हणजे पहिलं बिल दुसऱ्या महिन्याऐवजी दुसऱ्या आठवड्यात जाईल. तरीही त्या कंपनीचे पैसे ४५ दिवसांनी येणार, हे गृहीत धरून हिशेब मांडावा. दहा-बारा माणसांच्या फर्मच्या मालकाने तेच वाक्य म्हटलं, तर मात्र पॉलिसी म्हणजे तो स्वतःच असतो. तिथे कारण विचारावं. बहुतेकदा तो सांगतो की आधीच्या डिझायनरने पैसे घेतले आणि फोन उचलणं बंद केलं.

अशा वेळी रक्कम कमी करण्याऐवजी काम छोटं करता येतं. फाउंड्रीचा मालक म्हणाला, "ताई, चाळीस टक्के जास्त होतात, पंचवीस घ्या." पंचवीस म्हणजे ३०,०००, दीड आठवड्याचं काम. डिझायनरने तिथे लगेच 'बरं' म्हटलं, तर दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिचे १०,००० अडकतात आणि पुढचे सगळे आकडे सरकतात. त्याऐवजी ती पहिला टप्पाच बदलू शकते: "ठीक आहे सर, ३०,००० ला मी फक्त मुख्य पानाचं डिझाइन आणि सगळ्या पानांचा आराखडा देते, दीड आठवड्यात. ते हातात आल्यावर पुढचे ३६,००० द्या, मग आतल्या पानांना हात लावते." मालकाला कमी पैशांत तिचं काम पाहायला मिळतं आणि पटलं नाही, तर तिथेच थांबण्याची मोकळीक मिळते. पुढे तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, म्हणजे ६०,००० च्या कामावर, तिच्या हातात ६६,००० असतात. बाकीचे ५४,००० मग दोनऐवजी तीन हप्त्यांत विभागता येतात, आठवड्याच्या अंतराने, आणि सुधारलेलं वेळापत्रक त्याच मेलच्या उत्तरात, नव्या तारखांसह, पुन्हा एकदा 'मान्य आहे' साठी जातं.